भाकर उतरते, थुंकी अडकते

"ताई, दोन महिने झाले, घशात बोराएवढं काहीतरी अडकल्यावानी वाटते. गिळताना दुखत नाही. मोठ्या जावेले थायरॉईड हाये, अन् दीर घशाच्या कॅन्सरनं गेले. मले काय झालं असंन?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या, एक्केचाळीस वर्षांच्या या बाईंना मी पहिला प्रश्न विचारला, "गोळा जेवताना जाणवते का, रिकाम्या घशानं?" त्या म्हणाल्या, "भाकर बराबर उतरते जी. नुसती बसली का थुंकी अडकते."

माझ्यासाठी हा मोठा धागा होता. खरा अडथळा असेल तर घास अडतो, आधी भाकर आणि पुढे पाणीसुद्धा. यांचं उलट होतं. अन्ननलिकेच्या तोंडाशी एक गोल स्नायू असतो. तो काळजीनं आवळून राहिला की गोळा असल्याचा भास होतो. घास येताना तो सैल पडतो. बोलता बोलता पंधरा मिनिटांत त्यांनी चौदा वेळा आवंढा गिळला, मी मोजत होते. कोरडा आवंढा गिळला की तोच स्नायू पुन्हा ताठतो आणि गोळा पक्का वाटू लागतो.

तरी तेवढ्यावर थांबले नाही. थायरॉईडची गाठ आवंढ्याबरोबर वरखाली सरकते. म्हणून आरशासमोर हनुवटी थोडी वर करून घोटभर पाणी प्यायला लावलं; काही सरकताना दिसलं नाही. जावेच्या थायरॉईडमुळे बसलेली भीती वेगळी होती. थायरॉईडच्या रक्ततपासणीत टीएसएच नॉर्मल असूनही गाठ असू शकते, त्यामुळे नुसत्या रिपोर्टवर विसंबायचं नसतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मान चाचपली, नाकातून दुर्बीण घालून घसा पाहिला. दोन्ही ठीक निघालं.

आम्लपित्त मात्र थोडं होतं. कापूस वेचून आल्यावर रात्री नऊला जेवण, लगेच बाजेवर. सकाळी तोंड आंबट, सारखं खाकरणं. छातीत जळजळ नव्हती, पण ती नसतानाही आम्ल घशापर्यंत येऊ शकतं.

मग दोनच गोष्टी ठरल्या. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर, आणि आवंढा गिळावासा वाटला की त्याऐवजी पाण्याचा घोट किंवा जबडा सैल सोडून मोठी जांभई. त्यांच्याकडून दिराबद्दलही बोलून घेतलं. गोळा त्यांच्या तेरवीनंतरच सुरू झाला होता, हे त्यांना तेव्हाच लक्षात आलं.

घास अडणं, वजन घटणं, तीन आठवड्यांवर बसलेला आवाज, एकाच बाजूला दुखणं किंवा मानेत गाठ, यातलं काहीही असतं, तर मी जांभईच्या गोष्टी बोलले नसते. खर्रा खाणाऱ्याला तर मुळीच नाही.

सव्वा महिन्यानं त्या आल्या. तेवढ्याच वेळात आवंढे तीन. "सांजच्याले येते कधी कधी," म्हणाल्या, "पण आता मी पाणी पिते अन् कामाले लागते."