मी साप्ताहिक प्लॅनरची पीडीएफ विकायला ठेवतोय. वर्णनात फाइलबद्दल आणि वापराच्या अटींबद्दल नेमकं काय लिहू?

पहिल्याच ओळीत लिहा की ही फाइल आहे, वही नाही. नुसतं ‘डिजिटल डाउनलोड’ लिहून भागत नाही. माझ्या पहिल्या प्लॅनरच्या चित्रात स्पायरल लावलेली वही टेबलावर ठेवलेली दिसत होती आणि ‘डिजिटल’ हा शब्द वर्णनात पार खाली होता. एका बाईंनी तो घेतला आणि आठवड्याने विचारलं, पार्सल कधी येणार? मुलीची परीक्षा सुरू व्हायच्या आत तिला द्यायचा होता. त्यांनी चित्रावर विश्वास ठेवला, आणि चित्र मीच लावलं होतं. तेव्हापासून माझं वर्णन असं सुरू होतं: ‘ही पीडीएफ फाइल आहे. पैसे भरल्यावर डाउनलोडची लिंक मिळेल. छपाई तुम्ही करायची आहे. पोस्टाने किंवा कुरिअरने काहीही येणार नाही.’

पीडीएफ म्हटलं तरी घेणाऱ्याच्या मनात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. कुणाला छापून पेनाने लिहायचं असतं, कुणाला चौकटीत टाइप करायचं असतं, तर कुणाला टॅबलेटवर महिन्याच्या नावावर बोट ठेवून थेट त्या पानावर जायचं असतं. तुमची फाइल यातलं जे करते ते लिहाच, पण जे करत नाही तेही लिहा. ‘यात टाइप करता येत नाही’ हे वाचून एखादं गिऱ्हाईक परत जाईल, पण ते एरवीही पैसे परत मागायलाच आलं असतं.

खरी गडबड कागदाच्या आकारात होते, म्हणून त्यावर जरा वेळ द्या. तुमची पानं ए४ मापाची आहेत असं धरू, म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर. अमेरिकेत चालणारा लेटर कागद २१६ × २७९ मिलिमीटरचा असतो: थोडा रुंद, पण १८ मिलिमीटरने आखूड. त्या कागदावर कुणी ‘Actual size’ निवडून छापलं तर वरखाली मिळून १८ मिलिमीटर कापले जातात. शिवाय बहुतेक घरगुती प्रिंटर कडेचे काही मिलिमीटर छापतच नाहीत. म्हणजे वरचा तारखेचा रकाना किंवा तळाची टिपणाची ओळ गेलीच. ‘Fit’ निवडलं तर सगळं बसतं, पण पान साधारण ९४ टक्क्यांवर येतं. एवढ्याने फारसं बिघडत नाही, फक्त ते आधी सांगायला हवं.

ए५ चं मात्र बिघडतं. ए५ म्हणजे ए४ चा बरोबर अर्धा कागद, त्यामुळे ‘ए५ वरही छापता येईल’ असं सहज लिहिलं जातं. छापता येतं हे खरं, पण लांबी-रुंदी सुमारे ७१ टक्के होते. तुमच्या ओळींमधलं अंतर ७ मिलिमीटर असेल तर ते ५ च्या आत येतं, आणि मोठं अक्षर असलेल्या माणसाला त्यात लिहिता येत नाही. मी ए५ ची फाइल वेगळी बनवते, ओळी कमी करून अंतर ७ चंच ठेवते, आणि वर्णनात लिहिते: ‘दोन फाइल मिळतील, एक ए४ आणि एक ए५. दोन्हींत ओळींमधलं अंतर ७ मिलिमीटर आहे.’ एवढं एक माप दिलं की घेणारा आपल्या वहीवर पट्टी ठेवून स्वतः ठरवू शकतो.

साप्ताहिक प्लॅनर म्हणून आणखी एक गोष्ट. आठवडा समोरासमोरच्या दोन पानांवर असेल, म्हणजे सोमवार ते गुरुवार डावीकडे आणि उरलेले दिवस उजवीकडे, तर पाठपोट छपाईत पानांचा क्रम सांभाळावा लागतो. पान १ मुखपृष्ठ असेल तर २ त्याच्या पाठीवर येतं आणि २ व ३ समोरासमोर उघडतात. पण शाई वाचवायला कुणी मुखपृष्ठ सोडून पान २ पासून छापलं, तर २ आणि ३ एकाच कागदाच्या पुढे-मागे जातात आणि अख्खा आठवडा फुटतो. म्हणून एक वाक्य घाला: ‘पाठपोट छापताना पान १ पासूनच छापा आणि Flip on long edge निवडा.’ पानं किती, तारखा छापलेल्या आहेत की रिकाम्या, आठवडा सोमवारी सुरू होतो की रविवारी, हे एका ओळीत उरकेल.

आता वापराच्या अटी. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं बहुतेक जण लिहितात आणि तिथेच थांबतात. त्याने प्रामाणिक माणसाच्या शंका मिटत नाहीत. मला आलेले प्रश्न सांगते: दरवर्षी नव्याने छापू का? बहिणीला एक प्रत छापून देऊ का? घरी प्रिंटर नाही, दुकानात छापून घेतलं तर चालेल का? वर्गातल्या चाळीस मुलांना वाटू का? प्रत्येकाचं उत्तर मला ठरवावं लागलं. शेवटी मी कायद्याची भाषा सोडून हे लिहिलं:

‘स्वतःसाठी हव्या तितक्या प्रती, हवी तितकी वर्षं छापा. छपाईच्या दुकानातही तुमच्यासाठी छापून घेता येईल. घरातल्यांना छापील प्रत देऊ शकता. फाइल मात्र कुणाला पाठवू नका, ग्रुपवर किंवा सर्वांना उघडणाऱ्या ड्राइव्हवर ठेवू नका. फाइल किंवा छापील प्रत विकू नका, मांडणी बदलूनही नाही. वर्गासाठी किंवा ऑफिससाठी वेगळा परवाना आहे, विचारा.’

दुकानाचं वाक्य गाळू नका. काही छपाईवाले लेखी परवानगी दिसल्याशिवाय दुसऱ्याचं डिझाइन छापत नाहीत, आणि मग गिऱ्हाईक काउंटरवरून तुम्हाला मेसेज करतं. वर्गाचा परवाना ठेवलात तर आकडा द्या: एक शिक्षक, एक वर्ग, अमुक विद्यार्थी. ‘मर्यादित प्रती’ म्हणजे काय ते कुणालाच कळत नाही.

या अटी लिहिण्याआधी स्वतःकडचे परवाने उघडून वाचा. प्लॅनरमधला फॉन्ट, कोपऱ्यातली फुलं, आयकॉन यांचा परवाना फक्त वैयक्तिक वापराचा असेल, तर ती पीडीएफ तुम्हाला विकताच येत नाही, मग इतरांना छापायची मुभा देणं दूरच. मला एका मथळ्याचा फॉन्ट याच कारणाने बदलावा लागला, आणि फॉन्ट बदलल्यावर मथळे रुंद होऊन सगळी पानं पुन्हा मांडावी लागली. म्हणून हे काम मांडणीच्या आधी करा.

आणि अटींचा तोच मजकूर पीडीएफच्या शेवटच्या पानावरही टाका. डाउनलोड झाल्यावर फाइल आणि वर्णन यांची ताटातूट होते. दोन वर्षांनी ती उघडणाऱ्याला, किंवा छपाईच्या दुकानातल्या माणसाला, तुमचं वर्णन कुठून दिसणार?