दर महिन्याला ५,००० टाकायचे तर आरडी की एफडी?

भाऊ, पगारातून महिन्याला ५,००० काढणार असशील तर आरडीच उघड. एफडीला सगळी रक्कम आधीच हातात असावी लागते.

सीताबर्डीच्या शाखेत दोन्हींचा दर ७ टक्के दिसला, तरी वर्षाअखेर ६०,००० च्या एफडीवर साधारण ४,३०० व्याज अन् आरडीवर २,३०० च. बँक फसवत नाही. आरडीतला पहिला हप्ता बारा महिने व्याज कमावतो, शेवटचा जेमतेम एक महिना.

हप्त्याची तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांची ठेव. पगार १ ला अन् हप्ताही १ लाच ठेवला, की पगार लांबल्यावर खात्यात पैसे नसतात, हप्ता चुकतो. बऱ्याच बँका त्यावर दंड लावतात. मुदत संपली की जमलेल्या ६२,३०० ची मात्र एफडी कर.