"अमक्यासारखाच अ‍ॅक्सेस द्या" असं लिहू नकोस

सोमवारी नवा माणूस येतोय ना, मग आयटीचं तिकीट आजच टाक. लॅपटॉप तयार करायलाच दोन-तीन दिवस जातात. पण "जुन्या सहकाऱ्यासारखाच अ‍ॅक्सेस द्या" असं मोघम लिहू नकोस. मी एकदा लिहिलं होतं. त्या सहकाऱ्याकडे आधीच्या टीममधले पगाराच्या फोल्डरचे हक्क तसेच राहिले होते, ते नव्या मुलीलाही आयते मिळाले! तेव्हा प्रत्येक सिस्टिमचं नाव लिही, त्यात नुसतं वाचायचंय की बदलही करायचेत ते लिही. मॅनेजरच्या मंजुरीचा मेल सोबतच जोड, नाहीतर तिकीट तिथेच अडकतं. आणि नावाचं स्पेलिंग एचआरच्या नोंदीतलंच दे. ईमेल आयडी त्यावरूनच बनतो, मागाहून बदलायचा म्हणजे नुसता ताप.