चेकबॉक्सवाल्या प्रश्नाची उत्तरं वेगळ्या कॉलममध्ये कशी मोजायची?

प्रश्न: गूगल फॉर्ममध्ये 'ऑफिसला कसे जाता?' ला लोकांनी दोन-तीन पर्याय टिक केलेत, शीटमध्ये सगळं एकाच सेलमध्ये आलंय. प्रत्येक पर्याय किती जणांनी निवडला ते कसं काढू?

उत्तर: समजा उत्तरं C कॉलममध्ये आहेत, तर D1 पासून उजवीकडे एकेका सेलमध्ये पर्याय लिहा, फॉर्ममध्ये आहेत अगदी तसेच, आणि D2 मध्ये हे टाकून आडवं-खाली ओढा:

```
=IF($C2="","",IF(ISNUMBER(FIND(", "&D$1&",",", "&$C2&",")),1,0))
```

दोन्हीकडे स्वल्पविराम जोडलेत ते मुद्दाम, नाहीतर 'शेअर रिक्षा, लोकल' या उत्तरात नुसत्या 'रिक्षा'लाही 1 पडतो आणि रिक्षावाले उगाच वाढतात. आता इथे रिक्षा 0, शेअर रिक्षा 1, लोकल 1 येईल.

ज्यांनी प्रश्नच सोडला त्यांना 0 देऊ नका, रिकामं राहू द्या, कारण 'नाही' म्हणणं आणि उत्तर न देणं वेगळं. मग `=SUM(D2:D)` म्हणजे किती जण आणि `=AVERAGE(D2:D)` ला टक्क्यांचा फॉरमॅट दिला की उत्तर देणाऱ्यांतले किती टक्के ते कळतं (फक्त ही दोन दुसऱ्या टॅबवर लिहा, टॅबचं नाव जोडून). टक्क्यांची बेरीज शंभरच्या वर गेली तर घाबरू नका, एकाच माणसाने दोन टिक केल्यात ना. 'इतर'मध्ये हाताने टाइप केलेलं मात्र कुठल्याच कॉलममध्ये येणार नाही, ते डोळ्यांनीच बघावं लागतं.