घड्याळाच्या अपडेटनंतर विश्रांतीची नाडी वाढली: सूत्र बदललं की तब्येत?

प्रश्न: "वय 46. मंगळवारी रात्री घड्याळात अपडेट आलं. विश्रांतीची नाडी वर्षभर 58-59 असायची, बुधवारपासून 64-65 दाखवतंय. एचआरव्ही 48 वरून 37 वर आला. मला तसं काहीच होत नाहीये. अपडेटमुळे असेल म्हणून सोडून देऊ, की डॉक्टरांना दाखवू?"

नाडी वर आणि एचआरव्ही, म्हणजे ठोक्यांमधल्या अंतरातला चढउतार, खाली, ही जोडी ताप येताना दिसते तशीच असल्यामुळे तुम्हाला धास्ती वाटणं स्वाभाविक आहे. पण नुसत्या अपडेटनेही हे दोन्ही आकडे एकाच वेळी असेच हलू शकतात. ते कसं, हे आधी सांगते, म्हणजे तपासायचं काय ते नीट कळेल.

घड्याळ "विश्रांतीची नाडी" थेट मोजत नाही. ते दिवसभर ठोके मोजतं आणि त्यातले कुठले विश्रांतीचे धरायचे, हे सूत्र ठरवतं. काही सूत्रं झोपेतले सर्वांत कमी ठोके धरतात, काही जागेपणी शांत बसलेले असतानाचे. झोपेत नाडी जागेपणापेक्षा कमी असते. त्यामुळे कंपनीने व्याख्या बदलली की हृदयात काहीही न बदलता आकडा पाच-सहाने उडी मारू शकतो.

एचआरव्हीचं तर आणखी नाजूक आहे. समजा तुमचे ठोके आलटून पालटून 1000 आणि 1040 मिलिसेकंदांनी पडतायत. लागोपाठच्या अंतरांमधला फरक धरणारी पद्धत याला 40 म्हणेल, आणि सरासरीपासून किती हलले हे बघणारी साधारण 20. दोन्ही पद्धती प्रत्यक्ष वापरात आहेत. त्यात सेन्सरकडून एक ठोका निसटला तर दोन ठोक्यांमधलं अंतर एकदम दुप्पट दिसतं आणि एचआरव्ही फुगतो. नव्या अपडेटने असे चुकीचे ठोके जास्त नीट गाळले, तर एचआरव्ही खाली येतो. ही मोजणीतली सुधारणा असते, पण आलेखावर दिसते आजारासारखी.

आता तपासणी. आधी "बेसलाइन" किंवा सरासरीची रेघ बघणं थांबवा आणि रोजचे सुटे आकडे बघा. तीस दिवसांची सरासरी असेल आणि रोजचा आकडा एका रात्रीत सहाने वाढला असेल, तर ती रेघ दहा दिवसांनी दोनने, वीस दिवसांनी चारने आणि महिन्याने सहाने वर गेलेली दिसते. म्हणजे एका रात्रीतली उडी महिनाभराची संथ चढण भासते. पुष्कळ जण इथेच फसतात. तुमचे रोजचे आकडे सोमवारपर्यंत 58-59 आणि बुधवारपासून थेट 64-65, मध्ये एकही 61-62 नाही, असं असेल तर संशय सूत्राकडे जातो. फोनमधलं अ‍ॅप कधी अपडेट झालं तेही बघा. कित्येकदा घड्याळ तेच राहतं आणि हिशोब अ‍ॅपमध्ये बदलतो.

पण तारीख जुळली एवढ्यावर निकाल देऊ नका. अपडेट आणि ताप एकाच आठवड्यात येऊ शकतात. अपडेट ज्याला हात लावू शकत नाही असं काहीतरी हवं.

माझ्या बाबतीत दोन वर्षांपूर्वी 57 चे 62 झाले होते. मी अपडेटच्या आधीच्या पाच आणि नंतरच्या पाच रात्रींचा मिनिटामिनिटाचा आलेख उघडला. रात्रीतला सर्वांत खालचा आकडा दोन्हीकडे 51-52 होता. मूळ ठोके तेच, फक्त सारांश बदललेला. मग पाच दिवस सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, अंगठ्याच्या खाली मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, त्यात एका ठोक्याची चूक चार होते. माझे आकडे आले 61, 62, 60, 62, 61. राहिला प्रश्न आधीच्या नाडीचा. ती सापडली बीपीच्या मशीनमध्ये. घरच्या डिजिटल मशीनच्या मेमरीत रक्तदाबासोबत नाडीही राहते. अपडेटच्या आधीच्या महिन्यातल्या सकाळच्या नोंदी 61 ते 63 होत्या. म्हणजे जागेपणची माझी नाडी आधीपासूनच 62 होती. घड्याळ तोवर झोपेतला आकडा धरत होतं.

बीपी मशीन नसेल तर नेहमीच्या फेरीच्या जुन्या नोंदी बघा. तोच रस्ता, तेवढाच वेळ, साधारण तशीच हवा, आणि त्यातली सरासरी नाडी. विश्रांतीची नाडी खरोखर सहाने वाढली असेल तर बहुधा चालतानाचीही वाढलेली असते. घरात कुणाकडे तेच मॉडेल असेल तर त्यांचे आकडे त्याच दिवशी हलले का, हे विचारा. याहून सोपा पुरावा नाही.

आता याची दुसरी बाजू, जिच्यासाठी खरं तर इतकं सविस्तर लिहिते आहे. त्या अनुभवानंतर सहा महिन्यांनी माझा आकडा पुन्हा चढू लागला. 62, मग 64, 66, पाच आठवड्यांत 69. मी दोन आठवडे "पुन्हा सूत्र बदललं असणार" म्हणून सोडून दिलं. अपडेटची तारीख तपासली असती तर त्या काळात एकही अपडेट आलं नव्हतं हे दिसलं असतं. बीपी मशीनही 70 दाखवत होतं, रात्रीचा सर्वांत खालचा आकडा 51 वरून 58 वर गेला होता आणि दोन जिने चढले की दम लागत होता. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.9. पाळीच्या जास्त रक्तस्रावाने हळूहळू उतरलेलं. खरा बदल असा असतो: तो बहुतेक वेळा पायऱ्यापायऱ्यांनी येतो, मूळ ठोक्यांत दिसतो, दुसऱ्या यंत्रावर दिसतो आणि सोबत काहीतरी जाणवतं.

खरा बदल अचानकही येतो. ताप, उष्ण दिवस, दारू, अपुरी झोप यांनी एका रात्रीत नाडी चढते, पण कारण गेलं की थोड्या दिवसांत उतरते. सूत्राची उडी तिथेच स्थिर राहते. नाडी मंद ठेवणारी मेटोप्रोलॉलसारखी गोळी अलीकडे बंद किंवा कमी केली असेल तर नाडी चढून तशीच राहू शकते. असं काही झालंय का ते आठवून बघा, आणि असेल तर ज्यांनी गोळी दिली त्यांना लगेच कळवा.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. आज अपडेटच्या आधीच्या आणि नंतरच्या रात्रींच्या आलेखातले सर्वांत खालचे आकडे काढा आणि उद्यापासून पाच सकाळी बोटाने मोजा. मोजताना घड्याळाचा चालू आकडाही बघा. दोन्ही जुळले तर सेन्सर ठीक आहे. रात्रीचे खालचे आकडे आधीसारखेच असतील तर 64-65 ही नवी सुरुवात समजा, वहीत अपडेटची तारीख लिहा, आणि जुने आकडे त्यात मिळवू नका. एचआरव्हीचीही तुलना बुधवारनंतरच्या दिवसांशीच करा.

रात्रीचे खालचे आकडेही पाच-सहाने वाढलेले असतील आणि आठवड्यात उतरले नाहीत, तर डॉक्टरांकडे जा. तिथे घड्याळाचा स्कोअर सांगू नका, बोटाने मोजलेले पाच आकडे सांगा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडबद्दल विचारा. बोटाखाली नाडी अनियमित लागली, ठोके मध्येच चुकल्यासारखे किंवा कसेही पडणारे वाटले, तर पाच दिवस न थांबता ईसीजी काढून घ्या. आणि छातीत दुखणं, बसल्या जागी दम लागणं किंवा भोवळ असेल, तर हे काहीही तपासत बसू नका, त्याच क्षणी दवाखाना गाठा.