दारू पिणाऱ्या माणसाला एका व्हिटॅमिनच्या कमतरतेने भ्रम कसा होतो?

प्रश्न : माझे काका वीसएक वर्षे रोज पीत आहेत. दोन आठवड्यांपासून असंबद्ध बोलतात, चालताना तोल जातो, सकाळी घडलेले दुपारी आठवत नाही. डॉक्टर म्हणतात बी-१ कमी आहे. एका व्हिटॅमिनने एवढे कसे होते? आणि हे भरून येते का?

उत्तर :

आधी तातडीचे सांगतो. काकांना बी-१ च्या नुसत्या गोळ्या दिल्या असतील, तर आजच त्यांना रुग्णालयात न्या आणि थायमिन शिरेतून देण्याविषयी तिथल्या डॉक्टरांशी बोला. त्याचे कारण पुढे येईलच. मी फिजिशियन आहे आणि असे रुग्ण दरवर्षी पाहतो.

थायमिन, म्हणजेच बी-१, शरीरात फारसे साठत नाही. निरोगी माणसाकडे सगळे मिळून २५ ते ३० मिलिग्रॅम असते आणि रोजची गरज साधारण एक ते दीड मिलिग्रॅमची असते, त्यामुळे आवक थांबली की दोन-तीन आठवड्यांत शिल्लक संपते. रोज दोन क्वार्टर पिणाऱ्याचा हिशेब पाहा. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलिलिटर व्हिस्की किंवा रममध्ये, सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असते आणि त्यातून चारशेच्या वर कॅलरी मिळतात. दोन क्वार्टरमध्ये अर्ध्या दिवसाच्या जेवणाइतकी ऊर्जा पोटात जाते, भूक मरते, आणि त्या ऊर्जेबरोबर थायमिनचा कणही येत नाही. शिवाय जे थोडेफार खाल्ले जाते, त्यातले थायमिन आतड्यातून शोषून घेण्याची क्रिया अल्कोहोलने मंदावते, आणि खराब झालेल्या यकृतात त्याचा साठाही नीट होत नाही. भरीला मॅग्नेशियम कमी असते, आणि ते नसेल तर मिळालेले थायमिनही कामाला येत नाही.

मेंदू मुख्यतः ग्लुकोजवर चालतो. पेशीत शिरलेल्या ग्लुकोजपासून शेवटपर्यंत ऊर्जा काढण्याच्या ज्या पायऱ्या आहेत, त्यांपैकी दोन महत्त्वाच्या पायऱ्यांवरची विकरे थायमिनवाचून चालत नाहीत. साखर असते, प्राणवायू असतो, तरी काम मध्येच अडते, लॅक्टिक आम्ल साचते, पेशी सुजतात आणि काही ठिकाणी बारीक रक्तस्राव होतात. मेंदूच्या सगळ्याच भागांना याची झळ सारखी लागत नाही. मेंदूतील पाण्याच्या पोकळ्यांभोवतीचे, ऊर्जेचा खप फार असलेले काही मोजके भाग आधी बळी पडतात, आणि तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणे त्या भागांची आहेत.

मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसचा आतला भाग आणि त्याभोवतालचे भाग बिघडले की माणूस गोंधळतो, पण बहुधा आरडाओरडा करत नाही. तो सुस्त असतो, कशाचेच सोयरसुतक नसल्यासारखा. मेंदूच्या देठातील डोळ्यांच्या हालचाली सांभाळणारी केंद्रे बिघडली की बुबुळे थरथरतात किंवा एक डोळा बाहेरच्या बाजूला वळत नाही. लहान मेंदूच्या मधल्या पट्ट्याचा वरचा भाग आणि तोल सांभाळणारी केंद्रे गेली की पाय फाकवून चालावे लागते. या चालीची एक खूण अशी की हात बहुधा ठीक असतात. असा रुग्ण बोटाने स्वतःच्या नाकाला नीट स्पर्श करतो, पण एका पावलाच्या चवड्याला दुसरी टाच लावून सरळ रेषेत चार पावले चालू शकत नाही. नशेतला तोल उतरल्यावर परत येतो. हा येत नाही.

कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये या आजाराचे वर्णन केले. त्यांच्या तीन रुग्णांपैकी दोन दारूचे व्यसन असलेले पुरुष होते, तर तिसरी गंधकाम्ल प्यायल्यानंतर उलट्यांनी खंगलेली स्त्री होती. म्हणजे मुळात हा उपासमारीचा आजार आहे आणि दारू ही तिथे पोहोचण्याची एक वाट आहे.

निदान चुकते ते मात्र दारूमुळेच. डोळे, चाल आणि भ्रम ही तिन्ही लक्षणे एकत्र फार थोड्या रुग्णांत दिसतात, आणि एकटा भ्रम दिसला की ‘अजून उतरली नाही’ किंवा ‘दारू सोडल्याचा त्रास आहे’ असे म्हणून सगळे मोकळे होतात. (दारू अचानक सोडल्यावरच्या भ्रमात थरथर, घाम आणि नसलेली माणसे दिसणे असते, कधी दोन्ही एकदम असतात.) एमआरआयमध्ये खुणा दिसू शकतात, पण तो स्वच्छ आला म्हणून आजार नाही असे म्हणता येत नाही.

माझ्याकडे आलेले एक शेतकरी, वय ४८. दहा दिवस उलट्या, पोटात अन्न नाही, आणि गावाजवळच्या एका दवाखान्यात ‘अशक्तपणा’ म्हणून तीन दिवस ग्लुकोजच्या बाटल्या लावलेल्या. तिसऱ्या दिवशी ते मुलीला ओळखेनासे झाले. तळाला गेलेल्या थायमिनवर एवढी साखर ओतली की उरलेसुरलेही खर्च होते. म्हणून थायमिन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत द्यायचे असते. (रक्तातील साखर धोकादायक उतरली असेल, तर मात्र ग्लुकोज थांबवून ठेवायचे नाही.) आम्ही ५०० मिलिग्रॅम थायमिन सलाईनमध्ये मिसळून अर्ध्या तासात, दिवसातून तीन वेळा असे तीन दिवस दिले, मग मात्रा कमी केली, मॅग्नेशियमही भरून काढले. गोळीने हे साधत नाही, कारण एका मोठ्या गोळीतूनही आतडे जेमतेम चार-पाच मिलिग्रॅमच आत घेते, आणि पिणाऱ्याचे त्याहून कमी.

त्यांचे डोळे दुसऱ्या दिवशी सुधारले, भ्रम आठवड्याभरात निवळला, चाल दोन महिन्यांनी काठीवर आली. पण भ्रम निवळल्यावर खरे नुकसान दिसले होते. बाराव्या दिवशी मी विचारले, ‘काल काय केले?’ ते शांतपणे म्हणाले, ‘काल कांदा काढला, दोन ट्रॅक्टर भरले.’ बारा दिवस ते खाटेवरून उतरले नव्हते. हे खोटे बोलणे नव्हे. आठवणीतली रिकामी जागा मेंदू आपोआप भरतो आणि माणसाला ते खरेच वाटते. सर्गेई कोर्साकोव्ह यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस वर्णन केलेली अवस्था ती हीच.

याचे कारण पुन्हा जागेतच आहे. नवी आठवण पक्की होण्यासाठी हिप्पोकॅम्पस या आठवणी घडवणाऱ्या भागातून निघालेला संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या दोन गाठींमधून, म्हणजे मॅमिलरी बॉडीजमधून, थॅलॅमसकडे जातो. हिप्पोकॅम्पस बहुतांशी शाबूत असतो, पण या गाठी आणि थॅलॅमसमधले पुढचे ठाणे नष्ट झालेले असते. सुजलेली पेशी थायमिन मिळाल्यावर सावरते, मेलेली पेशी परत येत नाही. म्हणून भ्रम जातो आणि विसर राहतो.

तुमच्या काकांचे पुढे काय, हे उपचार किती लवकर आणि पुरेशा मात्रेत मिळाले यावर ठरेल. विसराची अवस्था पक्की झालेल्यांपैकी ढोबळमानाने एक चतुर्थांश रुग्ण जवळपास पूर्ववत होतात, तेवढेच अजिबात सुधारत नाहीत, बाकीचे मधल्या स्थितीत राहतात. आणि सुधारणा महिने, कधी दोन वर्षे, चालते, तीही दारू पूर्ण बंद असेल तरच. त्यांच्या चुकीच्या आठवणींवरून वाद घालू नका. त्याऐवजी भिंतीवर फळा लावून त्यावर वार, तारीख, गोळी घेतल्याची खूण आणि कोण येऊन गेले ते लिहीत जा.

हातांची आठवण बहुधा टिकते, कारण तिचा मार्ग वेगळा आहे. ते शेतकरी पूर्वी भजनी मंडळात पखवाज वाजवत. वर्षभराने पुन्हा वाजवू लागले आणि ठेका चुकत नव्हता. मुलगी सांगत होती, घरी परतल्यावर ‘आज भजन कुठे होते?’ असे विचारले की ते तिच्याचकडे पाहत राहतात.