यूकेत राउंडअबाउटवर लेन कशी निवडायची?

प्रश्न: यूकेत नुकताच आलोय, पहिल्यांदाच इकडे गाडी चालवणार. पाच एक्झिटवाला राउंडअबाउट आला तर कुठल्या लेनमध्ये राहायचं आणि एक्झिट कसा ओळखायचा?

उत्तर: राउंडअबाउटच्या थोडं आधी नकाशासारखा बोर्ड लागतो, त्यात खालून येणारी रेघ म्हणजे तुम्ही, तिथून डावीकडून घड्याळाच्या काट्यासारखे एक्झिट मोजत जा. समजा तुमचा चौथा आहे आणि बोर्डवर तो सरळ रेषेच्या उजवीकडे दिसतोय, तर आधीच उजवी लेन, उजवा इंडिकेटर, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं (आपल्याकडे जो घुसेल तो पहिला, इथे तसं अजिबात करू नका), मग आत शिरून आतल्या बाजूने फिरायचं. तिसरा एक्झिट मागे पडला की लगेच डावा इंडिकेटर, डावा आरसा आणि ब्लाइंड स्पॉट बघून बाहेर. सरळ जायचं असेल तर शक्यतो डावी लेन, शिरताना इंडिकेटर नको, फक्त बाहेर पडताना डावा. पण रस्त्यावर बाण किंवा A34 असा रस्त्याचा नंबर रंगवलेला असेल तर हे सगळं सोडा, तेच पाळा. एक्झिट चुकला तर अचानक कापू नका, अजून एक चक्कर मारा.